एलिव्हेटर जाम झाला तर? चौकोन, चौकट आणि बाण वापरून असं काढा दालमिलचं सुरक्षा पोस्टर

अकोला, लातूर, जळगाव या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली की दालमिल रात्रंदिवस चालतात. आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं हंगामापुरती तिथं कामाला जातात. प्रत्येक मिलमध्ये भिंतीवर एखादं पोस्टर असतंच, "सुरक्षितता प्रथम" किंवा "काळजीपूर्वक काम करा". पण मशीन जाम झाल्यावर आधी काय करायचं, मग काय आणि कुठं थांबायचं, हे त्या पोस्टरवर नसतं. अपघात मात्र नेमका त्या दोन-पाच मिनिटांत होतो.

यावर साधा उपाय म्हणजे फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या आकृतीत मांडून बाणांनी जोडलेला तक्ता. ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे कारखान्यातल्या कामाचे असे तक्ते मांडले होते. ते काढायला कॉम्प्युटर लागत नाही. एक कार्डशीट, पट्टी, पेन्सिल आणि जाड मार्कर एवढ्यावर काम होतं. दालमिलच्या एलिव्हेटरचं उदाहरण घेऊन तो कसा काढायचा ते पाहू.

आधी काम समजून घ्या, कागद नंतर

एलिव्हेटर म्हणजे माल खालून वर नेणारा उभा पट्टा. पट्ट्याला ओळीने बादल्या लावलेल्या असतात. खालच्या पेटीला बूट म्हणतात. तिथं माल पडतो, बादल्या तो भरून घेतात आणि वर नेऊन ओततात. बुटात माल जास्त साचला किंवा सुतळी, गोणपाटाचा तुकडा, दगड अडकला की पट्टा थांबतो. मग कुणीतरी खालचं झाकण उघडतो आणि हाताने माल ओढायला लागतो.

इथं तीन धोके आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत.

पहिला धोका म्हणजे दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस. त्याला वाटतं मशीन उगाच बंद आहे, म्हणून तो स्टार्ट बटण दाबतो. बुटात हात घातलेला माणूस त्याला दिसतच नाही.

दुसरा धोका लाईटचा. लाईट गेली की बरेच जण म्हणतात, "चला, तेवढ्यात साफ करून घेऊ." पण फिरवायचा स्विच 'चालू'वरच राहिलेला असेल किंवा ऑटो स्टार्टर असेल, तर लाईट आल्याबरोबर मशीन आपोआप फिरतं. शेतातल्या मोटरीला ऑटो लावलेला असतो, अगदी तसंच.

तिसरा धोका फार जणांच्या लक्षात येत नाही. समजा एलिव्हेटर ३० फूट उंच आहे आणि दर अर्ध्या फुटाला एक बादली आहे. म्हणजे वर जाणाऱ्या बाजूला ६० भरलेल्या बादल्या लटकलेल्या आहेत. एका बादलीत एक किलो माल धरला तरी ६० किलो वजन खाली यायला बघतंय. ते फक्त अडकलेल्या मालामुळे थांबलेलं असतं. लाईट बंद, स्विचला कुलूप, सगळं नीट केलं आणि अडकलेला माल मोकळा केला, की पट्टा उलटा फिरतो आणि बादलीची कड हातावर येते. या वेळी विजेचा काही संबंधच नसतो.

हे तिन्ही धोके कळल्याशिवाय काढलेला तक्ता दिसायला छान असेल, पण अर्धवट असेल. म्हणून मिलमधला जुना मिस्त्री, वायरमन आणि रोज बुटाजवळ काम करणारा एक कामगार अशा तिघांना मशीनजवळ उभं करा आणि विचारा, "जाम झाल्यावर तुम्ही काय काय करता, एकेक सांगा." ते सांगतील तसं वहीत लिहून घ्या. मग वायरमनला विचारा, कोणता स्विच बंद केला की या मोटरीची लाईट खरंच तुटते. अनेक मिलमध्ये यावरच दोघांचं एकमत नसतं. तक्ता काढायला बसलं की असा घोळ आपोआप बाहेर येतो.

आकृत्या फक्त चारच

लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. आडवा चौकोन म्हणजे एक कृती, जसं "स्टॉप बटण दाबा". पतंगासारखी चौकट म्हणजे प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असतं. छोटा गोल म्हणजे पुढचा भाग दुसऱ्या कागदावर आहे. या सगळ्यांना बाण जोडतात. याशिवाय दुसरी आकृती वापरू नका. कामगाराला आकृतीची नावं शिकवायची गरज नाही. चौकोन दिसला की करायचं, पतंग दिसला की थांबून बघायचं, एवढं त्याला कळलं की पुरे.

तीन नियम पाळा. एका चौकोनात एकच कृती लिहा. "मशीन बंद करून कुलूप लावून झाकण उघडा" असं लिहिलं, तर मधली पायरी माणूस खाऊन टाकतो. दुसरं, पतंगातून नेहमी दोन बाण बाहेर पडले पाहिजेत आणि प्रत्येकावर 'हो' किंवा 'नाही' लिहिलेलं पाहिजे. तिसरं, "काळजी घ्या", "लक्ष ठेवा" अशी वाक्यं चौकोनात घालू नका, कारण ती कृती नाही. हाताने, डोळ्याने किंवा तोंडाने करता येईल तेवढंच लिहायचं.

पायऱ्या लिहा आणि दोन कागद करा

आपल्या एलिव्हेटरच्या पायऱ्या मोजल्या तर पंधरा-सोळा होतात. एका कागदावर एवढं कोंबलं तर कुणी वाचणार नाही. म्हणून दोन भाग करू. पहिला कागद 'हात घालण्याआधी', तो लाईटच्या पॅनलजवळ लावायचा. दुसरा 'माल काढताना आणि परत सुरू करताना', तो बुटाच्या झाकणाजवळ. जिथं काम, तिथंच कागद.

पहिल्या कागदाचा क्रम असा:

१. लंबगोल: एलिव्हेटर जाम झाला
२. चौकोन: स्टॉप बटण दाबा
३. चौकोन: येणारा माल बंद करा
४. चौकोन: मेन स्विच बंद करा
५. चौकोन: स्वतःचं कुलूप लावा, किल्ली खिशात
६. पतंग: लाईट आहे का?
७. चौकोन: सगळे बाजूला, स्टार्ट दाबा
८. पतंग: मशीन हललं का?
९. छोटा गोल: आकडा २, म्हणजे दुसऱ्या कागदावर जा

पाचव्या आणि सातव्या पायरीत दोन तुकडे आहेत, पण ते एकाच हालचालीत होतात, म्हणून चालतात. बाकी कुठं तसं करू नका.

सातवी पायरी वाचून काहींना वाटेल, कुलूप लावल्यावर परत स्टार्ट कशाला दाबायचं? हीच या तक्त्याची सगळ्यात कामाची पायरी आहे. आपण बंद केलेला स्विच याच मोटरीचा आहे का, याची ही परीक्षा. शेजारच्या मशीनचा स्विच बंद करून कुलूप लावलं असेल, तर स्टार्ट दाबल्यावर एलिव्हेटर हलू बघेल किंवा मोटर गुरगुरेल आणि चूक तिथंच पकडली जाईल. हात अजून बुटात गेलेला नसतो. जाम जोरात असेल तर पट्टा फिरणार नाही, नुसता मोटरीचा आवाज येईल. म्हणून 'हललं का'मध्ये आवाजही धरायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवा. फिरवायचा स्विच असेल तर परीक्षा झाल्यावर तो परत 'बंद'वर आणायचा. विसरला तर कुलूप काढून मेन चालू केल्याबरोबर मशीन धावेल.

आता सहावा पतंग का, ते बघा. लाईटच गेलेली असेल तर स्टार्ट दाबून काहीच होणार नाही, आणि आपल्याला वाटेल, "चला, स्विच बरोबर बंद झालाय." ते उत्तर खोटं असतं. म्हणून परीक्षेआधी पॅनलवरचे लाल, पिवळा, निळा हे दिवे लागलेत का ते बघायचं. ते मेन स्विचच्या आधीच्या लाईनवर जोडलेले आहेत ना, म्हणजे मेन बंद केल्यावरही लाईट असली तर लागलेलेच राहतात ना, हे वायरमनकडून एकदा बघून घ्या. दिवे नसतील तर 'नाही'चा बाण बाजूच्या चौकोनाकडे जातो: "थांबा. झाकण उघडू नका." तिथून बाण परत सहाव्या पतंगाकडे येतो. लाईट येईपर्यंत माणूस त्याच गोल फेऱ्यात राहतो, पुढं जाऊच शकत नाही. साध्या यादीत हे दाखवता येत नाही, बाणाने दाखवता येतं.

आठव्या पतंगातून 'हो'चा बाण बाजूच्या चौकोनाकडे: "लगेच स्टॉप. वायरमनला बोलवा." आता हा बाण परत कुठं न्यायचा? अनेक जण तो "स्टार्ट दाबा"कडे नेतात. ते चूक आहे. चुकीचा स्विच बंद झाला होता, म्हणून परत चौथ्या पायरीकडे, "मेन स्विच बंद करा"कडे जायला पाहिजे. तिथून कुलूप, लाईट, परीक्षा हे सगळं नव्याने. परतीचा बाण नेहमी जिथं चूक झाली असेल त्या पायरीवर न्यायचा.

दुसऱ्या कागदाचा क्रम:

१. छोटा गोल: आकडा २
२. चौकोन: पट्टा क्लॅम्पने पकडा
३. चौकोन: खालचं झाकण उघडा
४. चौकोन: खोऱ्याने माल काढा
५. पतंग: माणसं, हत्यारं बाहेर?
६. चौकोन: झाकण बसवा
७. चौकोन: क्लॅम्प काढा
८. चौकोन: ज्याचं कुलूप, त्यानेच काढावं
९. लंबगोल: आवाज देऊन सुरू करा

दुसरी पायरी त्या ६० किलोसाठी आहे. पट्टा वरच्या खिडकीतून क्लॅम्पने पकडून एलिव्हेटरच्या बॉडीला अडवला, की तो उलटा फिरू शकत नाही. काही एलिव्हेटरला उलटं फिरणं अडवणारा ब्रेक असतो. तुमच्या मशीनला तो आहे का आणि चालतो का, हे मिस्त्रीकडून खात्री करून घ्या. झाकण आधी बसवायचं आणि क्लॅम्प नंतर काढायचा, हा क्रम मुद्दाम आहे. क्लॅम्प सुटल्यावर पट्टा थोडा घसरू शकतो, तेव्हा बुटाजवळ कुणाचा हात नको.

पाचव्या पतंगातून 'नाही'चा बाण चौथ्या पायरीकडे परत. आठव्या पायरीत एक अट आहे. दोन माणसं काम करत असतील तर स्विचवर दोन कुलुपं पाहिजेत. एक निघालं तरी दुसरं असेपर्यंत मशीन सुरू होत नाही. पाळी बदलताना जाणाऱ्याने आपलं कुलूप काढायच्या आधी येणाऱ्याने स्वतःचं लावायचं. किल्ली मुकादमाकडे ठेवली तर या सगळ्याला अर्थ उरत नाही.

कागदावर मापं अशी घ्या

स्टेशनरी दुकानात मिळणारी कार्डशीट साधारण २२ इंच रुंद आणि २८ इंच उंच असते. अक्षरासाठी सोपा हिशोब लक्षात ठेवा: दहा फुटांवरून नीट वाचायचं असेल तर अक्षर एक इंच उंच. पॅनलसमोर माणूस चार-पाच फुटांवर उभा असतो, म्हणून पायऱ्यांची अक्षरं अर्धा इंच पुरतात. मथळा लांबून दिसावा म्हणून दीड इंच ठेवा.

वर मथळ्याला ३ इंच आणि खाली २ इंच सोडले की मधे २३ इंच उरतात. पहिल्या कागदासाठी हिशोब करू. लंबगोल दीड इंच. एका ओळीचे चार चौकोन दीड-दीड इंच, म्हणजे ६. कुलुपाचा चौकोन दोन ओळींचा, त्याला २ इंच. दोन पतंग तीन-तीन इंच, म्हणजे ६. शेवटचा गोल दीड इंच. बेरीज झाली १७. मधले आठ बाण पाऊण-पाऊण इंच, म्हणजे ६. एकूण २३. बरोबर बसतं.

रुंदीत डावीकडे २ इंच मोकळे सोडा, मग मुख्य रांग १० इंच, बाणासाठी २ इंच, बाजूचे चौकोन ६ इंच आणि उजवीकडे परत २ इंच. उजवीकडची ही मोकळी जागा परतीच्या बाणासाठी आहे. वायरमनच्या चौकोनातून बाण उजव्या कडेने वर जाईल आणि चौथ्या चौकोनाला येऊन मिळेल. "थांबा"चा बाण त्याच्या आतल्या बाजूने पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या मधे येईल. दोन्ही बाण एकमेकांना छेदत नाहीत. बाण छेदले की वाचणारा चुकीच्या रस्त्याला लागतो.

पतंग हाताने काढताना वाकडा होतो. त्यासाठी आधी पेन्सिलने १० बाय ३ इंचाचा चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडा आणि बाहेरचा चौकोन खोडून टाका. पतंगाचे कोपरे वाया जातात, त्यामुळे त्यातला प्रश्न तीन-चार शब्दांतच बसवायला लागतो.

रंग जास्त नकोत. सगळं काळ्या मार्करने काढा. "थांबा" आणि "लगेच स्टॉप" हे दोन चौकोन फक्त लाल. सगळीकडे लाल वापरला तर थांबायची जागा वेगळी दिसत नाही. प्रत्येक चौकोनाच्या डाव्या टोकाला छोटं चित्र काढा: बटण, कुलूप, दिवा, खोरं. हंगामात मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारचेही कामगार असतात आणि सगळ्यांना मराठी वाचता येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावायची तरतूद केली होती, ती याचसाठी. तुमच्याकडे हिंदी बोलणारे जास्त असतील तर मराठीखाली हिंदी ओळ टाका. मग मात्र चौकोन मोठे करावे लागतील आणि कागदही.

खालच्या दोन इंचांत वायरमनचा आणि दवाखान्याचा नंबर आणि तक्ता काढल्याची तारीख लिहा.

भिंतीवर लावण्याआधी परीक्षा

तक्ता पेन्सिलमध्ये असतानाच तो तपासा. मिलमध्ये नवीन आलेल्या, तक्ता न पाहिलेल्या माणसाला बोलवा. मशीन बंद असताना त्याला म्हणा, "बोट ठेवून एकेक पायरी करून दाखव." तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. जिथं त्याचं बोट अडलं किंवा त्याने तुमच्याकडे बघितलं, तिथं तक्ता चुकलाय, माणूस नाही. समजा "येणारा माल बंद करा"पाशी तो विचारतो, "कुठून बंद करू?" मग तिथं "लाल दांडा खाली ओढा" असं लिहा आणि दांड्याला खरोखर लाल रंग द्या.

मग उलटी परीक्षा. त्याला सांगा, "समज, आता लाईट गेलीय." त्याचं बोट "थांबा"वर जाऊन थांबलं तर तक्ता बरोबर. ते पुढं झाकणाकडे गेलं तर सहाव्या पतंगाचे बाण परत बघा.

शेवटी प्रत्येक आकृतीवर बोट ठेवून स्वतः बघा: बाण आत येतो का, बाहेर जातो का? फक्त सुरुवातीला आत येणारा आणि शेवटी बाहेर जाणारा बाण नसतो. मधली एखादी आकृती बाणाविना सुटली असेल तर ती पायरी कुणीच करणार नाही.

छापायचं असेल तर

मिलमध्ये धूळ आणि कोंडा उडतो, उघडी कार्डशीट लवकरच वाचेनाशी होते. लॅमिनेशन करा किंवा फ्लेक्सवाल्याकडून छापून घ्या. फ्लेक्सवाल्याला मोबाईलने फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, त्यात फोटो लहान होतो आणि मोठा छापल्यावर अक्षरं फाटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापायच्या आधी नमुना मागवा आणि बाणांची टोकं जागेवर आहेत का बघा. दुकानात नव्याने डिझाईन करताना सर्वात जास्त चुका परतीच्या बाणातच होतात.

मशीन बदललं, पॅनल हलवलं, स्विचचा क्रम बदलला, की त्याच दिवशी तक्ता उतरवा आणि दुरुस्त करा. जुना तक्ता तसाच राहिला तर तो माणसाला चुकीच्या स्विचकडे नेईल. एक गोष्ट तक्ता करू शकत नाही. स्विचला कुलूप लावायला कडीच नसेल, क्लॅम्प नसेल, पट्ट्यावर जाळी नसेल, तर कागदावर लिहून उपयोग नाही. तक्ता काढताना ज्या पायरीला सामान नाही असं दिसेल, ती यादी आधी मालकाकडे द्या. सामान आल्यावरच तक्ता भिंतीवर लावा.